अगरबत्तीचा छोटा कारखाना: आधी वाळवणीची जागा, मग यंत्र

अगरबत्ती दोन टप्प्यांत तयार होते. पहिल्या टप्प्यात बांबूच्या काडीवर कोळसा, लाकडाची भुकटी आणि जिगट यांचा ओला मसाला चढवून ती वाळवतात. या बिनवासाच्या काडीला बाजारात कच्ची बत्ती म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात कच्ची बत्ती सुगंधी द्रवात बुडवून, निथळवून पुड्यात भरतात. हे दोन्ही टप्पे एकाच छपराखाली व्हावेत असे बंधन नाही. बेंगळुरू आणि म्हैसूर ही या धंद्याची मोठी ठिकाणे. तिथल्या नामांकित छापांची कच्ची बत्तीही अनेकदा दुसऱ्याच गावात, मजुरीवर वळलेली असते. पंढरपुरातही कुंकू-बुक्क्याबरोबर अगरबत्तीचा व्यवसाय वर्षानुवर्षे चालत आलेला आहे, आणि तिथेही कच्चा माल करणारे व वास लावून विकणारे यांचे हात वेगवेगळे असू शकतात. म्हणून नव्या उद्योजकापुढे तीन वाटा असतात: फक्त कच्ची बत्ती करणे, कच्ची बत्ती विकत घेऊन वास आणि छाप आपला लावणे, किंवा दोन्ही करणे. भांडवल, जागा आणि कटकटी या तिन्ही बाबतींत या वाटा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

बहुतेक जण सुरुवात यंत्राच्या चौकशीने करतात. मिनिटाला किती काड्या, दिवसाला किती किलो, हे आकडे कानाला गोड लागतात. पण छोट्या कारखान्याचे रोजचे उत्पादन यंत्र ठरवत नाही. ओली बत्ती पसरायला किती जागा आहे आणि ती वाळायला किती दिवस लागतात, यावर ते ठरते. त्यामुळे हिशेब वाळवणीच्या खोलीपासून उलटा मांडावा लागतो.

काडी आणि मसाला

यंत्रासाठी गोल काडी लागते. साधारण 1.3 मिलिमीटर जाडीची, आठ किंवा नऊ इंच लांबीची काडी सर्वाधिक खपते. हाताने वळताना चौकोनी, थोडी वाकडी काडीही चालून जाते. यंत्रात मात्र वाकडी किंवा जाडीत कमीजास्त असलेली काडी नळीच्या तोंडाशी अडकते, मग यंत्र थांबवून तोंड साफ करावे लागते. दिवसभरात वाया जाणाऱ्या वेळाचा मोठा भाग या स्वस्त काडीच्या खाती जमा होतो.

महाराष्ट्रात बांबू मुबलक आहे, तेव्हा काडी घरीच का काढू नये, असा प्रश्न साहजिक आहे. विदर्भातला भरीव बांबू मजबूत असतो, पण त्याची पेरे आखूड असतात. गोल काडीसाठी लांब पेरांचा, सरळ धाग्याचा बांबू हवा, कारण गाठ आली की काडी तिथे मोडते आणि तेवढा तुकडा टाकून द्यावा लागतो. अशा बांबूच्या काडीसाठी त्रिपुरा आणि ईशान्येकडची इतर राज्ये प्रसिद्ध आहेत. अनेक वर्षे व्हिएतनाम आणि चीनमधूनही काडी मोठ्या प्रमाणावर येत होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये अगरबत्तीची आयात निर्बंधित यादीत गेली आणि 2020 च्या जूनमध्ये बांबूच्या काडीवरचे आयात शुल्क 10 टक्क्यांवरून 25 टक्के झाले. तेव्हापासून काडीचा भाव हा या धंद्यातला सर्वांत हलता आकडा झाला आहे. सुरुवातीला काडी तयारच घ्यावी. काडी काढण्याचे यंत्र हा स्वतंत्र उद्योग आहे, अगरबत्तीच्या कारखान्याचा कोपरा नव्हे.

मसाल्यात तीन भुकट्या असतात आणि प्रत्येकीचे काम वेगळे आहे. कोळशाची भुकटी जळण पुरवते. लाकडाची बारीक भुकटी मसाल्याला अंग देते आणि जळण्याचा वेग आवरते. जिगट ही काही विशिष्ट झाडांच्या सालीची भुकटी. पाणी लागताच ती बुळबुळीत, चिवट होते आणि सारा मसाला काडीला धरून ठेवते. सुरुवातीच्या चाचणीसाठी कोळसा दोन भाग, लाकडाची भुकटी एक भाग आणि जिगट एक भाग असे प्रमाण धरता येते. पुढे ते हातातल्या मालाच्या प्रतीनुसार बदलावे लागते. या तिघांचे तयार मिश्रणही मिळते, त्याला प्रीमिक्स म्हणतात. नवख्याने पहिले काही महिने प्रीमिक्सच वापरावे. त्यात किलोमागे थोडे जास्त पैसे जातात, पण चूक मसाल्याची की यंत्राची, हे तरी नेमके कळते.

तिन्हींत महाग जिगट, म्हणून भेसळही तिच्यातच होते. तिची परीक्षा सोपी आहे. चिमूटभर जिगट थोड्या पाण्यात कालवून बोटांच्या चिमटीत ओढावी. चांगली जिगट तार धरते, भेसळीची कणीदार चिखलासारखी तुटते. अशा जिगटीची बत्ती वाळल्यावर कंबरेच्या उंचीवरून फरशीवर पडली की तिच्यावरचा मसाला टवके होऊन सुटतो. दुकानापर्यंतच्या प्रवासात तेच घडते आणि पुड्याच्या तळाशी काळी भुकटी जमते.

मसाल्याचे बाकीचे दोष जळताना कळतात. आठ इंची बत्ती साधारण अर्धा तास ते चाळीस मिनिटे शांतपणे जळायला हवी. अर्ध्यात विझली तर जिगट जास्त झाली आहे, बत्ती ओली राहिली आहे किंवा कोळशात माती आहे. भराभर जळून गेली आणि बोटाने दाबताच चुरली तर कोळसा जास्त झाला आहे. मध्येच तडतडली तर भुकटी नीट चाळलेली नाही. प्रत्येक नव्या पोत्यातून आधी शंभर बत्त्या करून, पूर्ण वाळवून, त्यातल्या दहा जाळून पाहाव्यात. तोवर त्या पोत्याचे मोठे घाणे घालू नयेत.

देवळातल्या निर्माल्याची अगरबत्ती अलीकडे बरीच गाजते आहे. फुले वाळवून, दळून मसाल्यात घालता येतात, पण ती लाकडाच्या भुकटीचा थोडा भागच भरून काढतात. शिवाय वाळलेली गुलाबपाकळी जळताना गुलाबाचा वास येत नाही, जळत्या पाल्याचा येतो. सुगंध त्याही बत्तीला वरूनच द्यावा लागतो.

यंत्र

पायाने चालवायचे यंत्र, अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित असे तीन प्रकार बाजारात मिळतात. पायाच्या यंत्राला वीज लागत नाही, पण प्रत्येक काडी हाताने लावावी लागते. स्वयंचलित यंत्रात काड्यांचा गठ्ठा एका खाचेत ठेवतात आणि वरच्या भांड्यात ओला मसाला भरतात. यंत्र काडी एकेक करून नळीत ढकलते आणि मसाल्यात गुंडाळलेली बत्ती पुढच्या ट्रेवर टाकते. अशा यंत्राची मोटर लहान असते आणि साधारणपणे एक फेज विजेवर चालते. त्याच्या जोडीला मसाला कालवण्याचे यंत्र घ्यावे. हाताने मळलेल्या मसाल्यात गुठळ्या राहतात आणि त्या नळीत अडकतात.

विक्रेता मिनिटाला 200 काड्यांचा वेग सांगतो. आठ इंची बत्ती वाळल्यावर सुमारे एक ग्रॅम भरते असे धरले, तर हा वेग तासाला 12 किलो आणि आठ तासांत 96 किलो होतो. प्रत्यक्षात नळी साफ करणे, मसाला भरणे, वाकडी काडी काढणे यांत वेळ जातो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 2020 मध्ये अगरबत्तीची योजना आणली, तेव्हा एका स्वयंचलित यंत्राचे रोजचे उत्पादन 80 किलो धरले होते, कारागीर चार धरले होते आणि वळण्याची मजुरी किलोला 15 रुपये. म्हणजे दिवसाची मजुरी 1200 रुपये आणि प्रत्येकाच्या वाट्याला 300. मजुरीचे दर तेव्हापासून बदलले असतील, पण हिशेबाचा सांगाडा तोच आहे. एका यंत्रामागे चार माणसांची मजुरी निघायला हवी.

मसाल्यात पाणी किती, यावर यंत्राची सगळी चाल अवलंबून असते. एक किलो मसाल्याला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. नेमका आकडा जिगटीच्या प्रतीवर आणि हवेतल्या ओलाव्यावर ठरतो. मूठ आवळल्यावर गोळा टिकावा, पण तळव्याला चिकटू नये, ही ओळख पुरेशी आहे. पाणी कमी पडले तर नळीतून बत्ती तडकलेली बाहेर येते. जास्त झाले तर ती गुळगुळीत दिसते, पण ट्रेवर चपटी होते आणि वाळायला एक दिवस जास्त घेते.

खरेदीच्या वेळी एका गोष्टीबाबत सावध राहावे. काही विक्रेते यंत्रासोबत तयार माल परत विकत घेण्याचे आश्वासन देतात. पहिले दोन-चार लॉट घेतलेही जातात, मग ओल जास्त, जाडी कमी, काडी वाकडी अशी कारणे निघू लागतात. असा करार करायचा असेल तर तो लेखी हवा. त्यात किलोचा दर, ओलीची मर्यादा, जाडी, माल नाकारल्यास वाहतूक कोणाच्या खर्चाने, आणि करार किती महिन्यांचा, हे सारे लिहिलेले हवे. यातले काहीच लिहून मिळत नसेल तर यंत्राची किंमत त्या आश्वासनाशिवाय परवडते का, एवढेच पाहावे. यंत्र घेण्याआधी आपल्याच काडीवर आणि आपल्याच मसाल्यावर ते निदान दोन तास चालवून पाहणे योग्य. दुकानात मांडलेल्या यंत्रावर विक्रेत्याचा निवडक माल नेहमीच सुरळीत चालतो.

वाळवणीची खोली

एक किलो वाळलेल्या बत्तीत सुमारे 200 ग्रॅम काडी आणि 800 ग्रॅम मसाला असतो असे धरू. त्या मसाल्यात कालवताना जवळजवळ अर्धा लिटर पाणी घातलेले असते. म्हणजे 80 किलो बत्ती करणाऱ्या कारखान्यातून रोज 40 लिटर पाणी वाफ होऊन बाहेर जायला हवे. हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की बंद खोलीत, नुसत्या छताच्या पंख्याखाली बत्ती का वाळत नाही, ते वेगळे सांगावे लागत नाही.

उन्हात पसरली तर लवकर वाळेल हा मोह पहिल्याच आठवड्यात होतो. पण काळा मसाला ऊन झपाट्याने ओढतो. वरची बाजू आधी सुकून आक्रसते, खालची ओली राहते आणि बत्ती धनुष्यासारखी वाकते. वरचा थर तडकतोही. म्हणून वाळवण सावलीतच करावी लागते. समोरासमोर खिडक्या, वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खाली हवा आत यायला वाट, एवढे असले की साध्या खोलीतही काम होते. पंख्याचा झोत सरळ ट्रेवर सोडू नये. त्यानेही एकच बाजू आधी सुकते.

आता जागेचा हिशेब. आठ इंची बत्ती म्हणजे वीस सेंटिमीटर लांब आणि सुमारे तीन मिलिमीटर जाड. तीन फूट लांब, दोन फूट रुंद जाळीच्या ट्रेवर अशा बत्त्या एकमेकींना खेटून एका थरात मांडल्या तर साधारण 900 बसतात. पण खेटून ठेवलेल्या ओल्या बत्त्या एकमेकींना चिकटतात, म्हणून हवा खेळण्यापुरती जागा सोडून 600 धराव्यात. दहा खणांच्या एका रॅकवर अशा 6,000 बत्त्या, म्हणजे सहा किलो. दहा फूट बाय वीस फुटांच्या खोलीत चालायची वाट सोडून असे 14 रॅक मावतात. त्यामुळे खोलीत एका वेळी 84 किलो बत्ती राहते.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सावलीतली बत्ती वाळायला दोन दिवस धरले, तर या खोलीचे रोजचे उत्पादन 42 किलो होते. पावसाळ्यात चार दिवस लागले तर 21 किलो. शेजारच्या खोलीत 80 किलोचे यंत्र उभे असले तरी ते वर्षातला निम्म्याहून जास्त काळ रिकामे राहणार. ट्रेवर दोन-तीन थर घालून हा हिशेब चुकवायचा प्रयत्न बहुतेक ठिकाणी होतो. मधला थर तेव्हा ओलाच राहतो, आणि वरून वाळलेली दिसणारी बत्ती पुड्यात गेल्यावर पांढरी बुरशी धरते.

वाळली की नाही हे रंगावरून ठरवता येत नाही. खात्रीचा मार्ग वजनाचा आहे. प्रत्येक घाण्यातल्या शंभर बत्त्या वेगळ्या ट्रेवर ठेवून रोज सकाळी त्यांचे वजन करावे. सलग दोन दिवस वजन तेवढेच आले की माल वाळला. रोजच्या कामात हाताची परीक्षाही चालते: मोडताना कोरडा टक आवाज येऊन मसाल्याचा थर सरळ तुटला तर ठीक, वाकून मग चिरला तर आत ओल आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवा आधीच पाण्याने भरलेली असते. तिथे पंखे कितीही लावले तरी ते ओली हवाच फिरवत राहतात. अशा वेळी गरम हवेचा ड्रायर लागतो. तापमान 40 ते 45 अंशांच्या आसपास ठेवून हवा सतत बदलत राहिली पाहिजे. त्याचा वीजखर्च आधीच काढता येतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान पाऊण युनिटच्या जवळ वीज लागते, आणि गळती धरून सव्वा युनिट समजावे. 40 लिटरला 50 युनिट होतात. युनिटचा दर 9 रुपये धरला तर दिवसाला 450 रुपये, म्हणजे किलोमागे साडेपाच रुपयांच्या वर. कच्ची बत्ती विकणाऱ्याचा नफा अनेकदा एवढाच असतो, म्हणून फक्त कच्ची बत्ती करणाऱ्याला ड्रायर परवडणे अवघड जाते.

यातून कारखान्याचे वर्षाचे वेळापत्रक ठरते. अगरबत्तीची मागणी श्रावणापासून चढते आणि गणपती, नवरात्र, दिवाळीपर्यंत टिकते. त्यातले पहिले दोन महिने वाळवणीला सर्वांत वाईट. तेव्हा फेब्रुवारी ते मे या काळात यंत्र पूर्ण वेगाने चालवून कच्ची बत्ती साठवावी आणि पावसाळ्यात वास लावून पुडे भरण्याचे काम करावे. नीट वाळलेली बिनवासाची बत्ती जाड प्लॅस्टिकच्या बंद पिशव्यांत, जमिनीपासून वर लाकडी फळ्यांवर ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. वास लावलेल्या बत्तीचा सुगंध मात्र हळूहळू उडत जातो, म्हणून ती साठवून ठेवू नये.

कोळशाची भुकटी खोलीभर उडते. कालवण्याची जागा वाळवणीपासून आणि वास लावण्याच्या जागेपासून वेगळी हवी. काम करणाऱ्यांच्या नाकाला चांगला मास्क हवा, साधा रुमाल पुरत नाही. वास लावण्याच्या खोलीत सुगंधी द्रवाची वाफ असते, तिथे चूल, विडी, उघडी ठिणगी चालत नाही. जळण्याची परीक्षाही तिथे करू नये.

वास आणि पुडा

सुगंधी अर्क तसाच वापरत नाहीत. तो पातळ करायला डायइथाइल थॅलेट हे रसायन वापरतात, बाजारात त्याला डीईपी म्हणतात. एक भाग अर्काला तीन ते पाच भाग डीईपी हे नेहमीचे प्रमाण. बत्त्यांची जुडी मसाल्याच्या बाजूने द्रवात काही सेकंद बुडवतात, निथळवतात आणि झाकलेल्या ट्रेमध्ये एक दिवस मुरू देतात. बत्ती पूर्ण वाळलेली नसेल तर ती द्रव पुरेसा पीत नाही आणि पेटवल्यावर वास उठत नाही. तेव्हा दोष अर्काच्या माथी मारला जातो, पण मूळ पुन्हा वाळवणीतच असते. अर्क बाटलीतून हुंगून घेऊ नये. बाटलीत मोहक वाटणारे कित्येक वास जळताना कडू होतात. नमुना घेऊन, आपल्याच बत्तीला लावून, बंद खोलीत जाळून मगच ठरवावे.

डास पळवणारी अगरबत्ती म्हणून कीटकनाशक मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो टाळावा. अशा मालाला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते आणि छोट्या कारखान्याला ती झेपणारी नाही. भारतीय मानक ब्युरोच्या अगरबत्तीसाठीच्या 2025 च्या आयएस 19412 या मानकातही अनेक कीटकनाशकांना मज्जाव आहे.

आता एका पुड्याचा खर्च. पुढचे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. वाचणाऱ्याने आपल्या गावचे दर घालून तोच हिशेब करावा. काडी किलोला 120 रुपये धरली तर 200 ग्रॅमचे 24 रुपये. मसाला किलोला 32 रुपये धरला तर 800 ग्रॅमचे जवळपास 26. मजुरी 15, वीज आणि नासधूस मिळून 5. एक किलो, म्हणजे हजार कच्च्या बत्त्या, 70 रुपयांना पडल्या. वीस बत्त्यांचा पुडा केला तर एका किलोत 50 पुडे होतात आणि कच्च्या बत्तीचा वाटा पुड्याला 1 रुपया 40 पैसे येतो. एका किलोला 250 ग्रॅम सुगंधी द्रव लागला आणि तो किलोला 350 रुपयांचा असला, तर वासाचा वाटा 1 रुपया 75 पैसे. छापील खोका आणि आतली पिशवी अडीच रुपये, भरण्याची मजुरी 50 पैसे. एकूण 6 रुपये 15 पैसे. गिऱ्हाइकाच्या हातात पडणाऱ्या पुड्यात सर्वांत महाग वस्तू खोका आहे, बत्ती नव्हे.

म्हणून पहिल्या वर्षी रंगीत छपाईची पिशवी करून घेण्याची घाई करू नये. छपाईवाला हजारोंच्या संख्येखाली काम घेत नाही, आणि एखादा वास चालला नाही तर त्या पिशव्या पडून राहतात. साधी पारदर्शक पिशवी आणि तिच्यावर चांगल्या छपाईचे लेबल पुरते. लेबलवर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन किंवा नग, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एककाची किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, एवढे असावेच लागते. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांखाली उत्पादन सुरू झाल्यापासून 90 दिवसांत वैधमापन शास्त्र विभागाकडे नोंदणीचा अर्ज करावा लागतो. छाप ठरवण्याआधी ते नाव ट्रेडमार्कच्या नोंदीत आधीच कोणाचे आहे का, हे शोधून पाहावे. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. अगरबत्तीवर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे. वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत आणि विक्री राज्यातच असेल तर त्याची नोंदणी सक्तीची नाही, परराज्यात माल पाठवायचा असेल तर लागते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटांना 35 टक्के अनुदान मिळू शकते. मात्र ते बँकेने कर्ज मंजूर केल्यावरच.

दुकानदार

किराणा दुकानदाराचा पहिला प्रश्न वासाचा नसतो. मार्जिन किती आणि स्कीम काय, हे तो विचारतो. पंधरा रुपये छापील किमतीचा पुडा त्याला दहाला पडावा अशी त्याची अपेक्षा असते. शिवाय बारावर एक फुकट. कर वजा जाता दहातले साडेनऊ रुपये उरतात, स्कीम धरली की 8 रुपये 80 पैसे. त्यातून 6 रुपये 15 पैशांचा खर्च गेला की अडीच रुपयांच्या थोडे वर राहतात आणि त्यात फिरण्याचा खर्च, फुटका माल आणि बुडीत उधारी भागवायची असते. मध्ये घाऊक व्यापारी आला तर त्याचे दहा टक्के आणखी कमी होतात.

याच ठिकाणी यंत्राचा आणि विक्रीचा मेळ तपासावा. एका माणसाने दुचाकीवर फिरून शंभर दुकाने बांधली आणि प्रत्येकाने महिन्याला एक डझन पुडे घेतले, तर महिन्याची विक्री 1,200 पुडे होते. पन्नास पुड्यांना एक किलो या हिशेबाने त्याला 24 किलो कच्ची बत्ती लागली. स्वयंचलित यंत्र तेवढी एका दुपारी काढते. तेव्हा स्वतःच्या छापाने किरकोळ विक्री करायची असेल तर सुरुवातीला यंत्राची गरजच नसते. कच्ची बत्ती विकत घेऊन वास आणि पुडा यांवर मेहनत घेणे शहाणपणाचे. यंत्र घ्यायचे ते कच्च्या बत्तीचा नियमित घाऊक गिऱ्हाईक हाताशी असेल तेव्हा, किंवा दुकानांची संख्या हजाराच्या घरात जाऊ लागली की.

पहिली फेरी पूजा-साहित्याच्या दुकानांपासून करावी. तिथे गिऱ्हाईक अगरबत्तीसाठीच येते आणि नवा वास हुंगून पाहायला तयार असते. किराणा दुकानात ते ठरलेले नाव मागते, म्हणून नवा पुडा गल्ल्याजवळ दिसेल असा टांगावा लागतो. दोन किंवा तीनच वास घेऊन जावे. चंदन आणि मोगरा जवळपास सगळीकडे खपतात, तिसरा आपला वेगळा असू द्यावा. दहा वासांचा ट्रे दिला की दुकानदार चार ठेवतो आणि सहा परत करतो.

उधारी टाळता येत नाही, तिला सीमा घालता येते. जुन्या बिलाचे पैसे आल्यावरच नवा माल, हा नियम पहिल्या भेटीतच सांगावा आणि दुकानवार वहीत तारीख लिहून पाळावा. पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी फेरी झाली तर दुकानदारही पैसे काढून ठेवतो. अनियमित येणाऱ्या विक्रेत्याचे पैसे सर्वांत शेवटी मिळतात. पुडा साबण किंवा धुण्याच्या पावडरशेजारी ठेवला गेला असेल तर त्याच फेरीत जागा बदलून घ्यावी, कारण दोन्ही वास एकमेकांत मिसळतात. परत आलेला माल दोन प्रकारचा असतो. खोका फाटलेला पण बत्ती चांगली, तो नव्या पिशवीत भरता येतो. वास उडालेला असेल तर बत्ती पुन्हा एक दिवस हवेशीर पसरून, कोरडी झाल्यावर कमी द्रवात दुसऱ्यांदा बुडवून सुट्या मालात, वजनावर विकावी. बुरशी लागलेली बत्ती मात्र पुसून किंवा वास लावून परत पाठवू नये, ती जाळून टाकावी आणि त्या घाण्याची तारीख वहीत शोधून उरलेले पुडेही दुकानांतून उचलावेत.